एकाच बातमीची तीन शीर्षके: सर्च, फीड आणि खरेपणा सांभाळून मथळा कसा लिहावा

गोव्यातल्या मराठी बातम्यांच्या वेबसाइटवर नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकांसाठी हा लेख लिहिला आहे. छापील पानासाठी मथळा लिहायला बहुतेकांना कोणीतरी शिकवलेले असते. वेबवर मात्र काम सुरू झाले की कोणी सांगतो 'कीवर्ड टाक', कोणी सांगतो 'डिस्कव्हरमध्ये जायला हवं', आणि संपादक म्हणतात 'चुकीचं काही जाऊ देऊ नकोस'. तिन्ही मागण्या एका ओळीत बसवायच्या म्हटल्या की नवा माणूस गोंधळतो. डिस्कव्हर म्हणजे कोणी काही न शोधताच फोनवर बातम्या दाखवणारी गूगलची फीड. खरे तर तिन्ही मागण्या एका ओळीत बसवायची गरजच नाही. बातमीच्या पानाला शीर्षकासाठी एकापेक्षा जास्त जागा असतात आणि प्रत्येक जागेचा वाचक वेगळा असतो. तपशील मात्र सगळीकडे एकच हवा.

पाणीपुरवठ्याची एक नमुना बातमी घेऊन सगळ्या पायऱ्या दाखवतो. बातमी काल्पनिक आहे, पण अशी प्रेसनोट गोव्यातल्या कुठल्याही डेस्कवर येऊ शकते.

## हाताशी काय हवे

- मूळ प्रेसनोट किंवा बातमीदाराची कॉपी. दुसऱ्या वेबसाइटवरची बातमी आधार म्हणून चालणार नाही.
- तुमच्या सीएमएसमध्ये, म्हणजे बातम्या भरायच्या प्रणालीत, सर्चचे शीर्षक, सोशलचे शीर्षक आणि पानावरचे शीर्षक स्वतंत्रपणे भरण्याची सोय. वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये ती एसईओ प्लगइनमधून मिळते. नसेल तर तांत्रिक टीमकडे मागा.
- गूगल ट्रेंड्स. यात गोवा राज्य निवडता येते.
- सर्च कन्सोलवर, म्हणजे गूगलमधून वाचक कसे आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनावर, किमान आकडे पाहण्याची परवानगी.
- फेसबुकचे शेअरिंग डीबगर, म्हणजे दुव्याचा प्रीव्ह्यू तपासायचे साधन.
- स्वतःचा मोबाइल. डेस्कटॉपच्या मोठ्या पडद्यावर मथळा नेहमीच बरा दिसतो, वाचक तो बहुतेक वेळा फोनवर पाहतो.

## 1. मथळ्याआधी बातमीचे एक वाक्य लिहा

समजा बुधवारी संध्याकाळी पाणीपुरवठा खात्याची प्रेसनोट आली: खांडेपार येथे ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी फुटली आहे. दुरुस्तीचे काम सुरू आहे. त्यामुळे पणजी शहर व तिसवाडी तालुक्यात गुरुवारी मर्यादित पाणीपुरवठा होईल. गुरुवारी रात्रीपर्यंत पुरवठा पूर्ववत होण्याची अपेक्षा आहे.

मथळ्याला हात लावण्याआधी यातून एक साधे, सपक वाक्य काढून कॉपीच्या वर टाका: 'खांडेपारला जलवाहिनी फुटल्याने पणजी व तिसवाडीत गुरुवारी पाणीपुरवठा मर्यादित राहील, असे खात्याने कळवले आहे.' पुढे लिहायची तिन्ही शीर्षके या वाक्याशी ताडून पाहायची आहेत.

प्रेसनोटमधले तीन शब्द फार सांभाळायला हवेत. पहिला 'मर्यादित'. डेस्कवर घाईत त्याचे 'बंद' होते, कारण 'पणजीत उद्या पाणी बंद' हे झटकन वाचता येते. पण बंद आणि मर्यादित यात वाचकाच्या घरातला हिशेब बदलतो. बंद म्हटले की तो टँकर सांगतो, हॉटेलवाला बुकिंगबद्दल विचार करतो. उलट 'मर्यादित'चे 'कमी दाबाने' करणेही चूक आहे. मर्यादित म्हणजे कमी दाब, कमी तास की काही भागांनाच पाणी, हे प्रेसनोटमध्ये नसते. कनिष्ठ अभियंत्याला फोन करून ते कळले तर मथळा आणखी उपयोगी होईल. कळले नाही तर 'मर्यादित' तसाच ठेवा.

दुसरा शब्द 'तिसवाडी'. ओपा प्रकल्प फोंडा तालुक्यात आहे आणि तो फोंड्यालाही पाणी देतो. म्हणून 'पणजी, फोंड्यात पाणीटंचाई' असा मथळा आपसूक सुचतो. प्रेसनोटमध्ये फोंड्याचे नाव नाही. ते आपल्या तर्काने घालायचे नाही, खात्याला विचारायचे. फोंड्याचा वाचक ही बातमी उघडणारच, तेव्हा त्याचे उत्तर कॉपीत असायला हवे.

तिसरा शब्द 'अपेक्षा'. 'रात्री पाणी येणार' आणि 'रात्रीपर्यंत पुरवठा पूर्ववत होण्याची अपेक्षा' यांतले अंतर दुसऱ्या दिवशी नळ कोरडा राहिला की कळते.

## 2. वाचक काय टाइप करतो ते पाहा

गोव्यातला मराठी वाचक मराठीत वाचतो, पण फोनवर शोधताना बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप करतो. `panjim water supply`, `panaji water supply today`, `पणजी पाणी` असे वेगवेगळे शोध एकाच प्रश्नासाठी येतात. शहराच्या नावाचीच कितीतरी रूपे आहेत. मडगाव हे `Margao` आणि `Madgaon` असे दोन्ही लिहिले जाते, म्हापसा `Mapusa` असे लिहिले जाते. ट्रेंड्समध्ये गोवा निवडून दोन रूपांची तुलना करता येते. लहान राज्य असल्यामुळे पुष्कळ शब्दांसाठी 'पुरेसा डेटा नाही' असा संदेश येतो. त्याचा अर्थ कोणी शोधत नाही असा घेऊ नका. अशा वेळी ब्राउझरच्या सर्च पट्टीत पहिले दोन शब्द टाइप करून खाली येणाऱ्या सूचना पाहा आणि सर्च कन्सोलमध्ये आपल्याच जुन्या पाण्याच्या बातम्यांना कुठल्या शोधातून वाचक आले ते तपासा. माझ्या मते हा दुसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा.

इथे एक सापळा आहे. रोमन लिपीत शोध येतात म्हणून काही जण मराठी बातमीच्या सर्च शीर्षकात इंग्रजी वाक्य भरतात. पानाची भाषा किंवा लिपी एक आणि शीर्षकाची दुसरी असेल तर गूगल ते शीर्षक बाजूला ठेवून पानातूनच दुसरे उचलू शकते. गूगलने आपल्या मार्गदर्शनात हे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मेहनत करून लिहिलेली ओळ दिसतच नाही. रोमन रूपासाठी योग्य जागा म्हणजे पानाचा पत्ता, त्याबद्दल पुढे सांगतो.

लोक आपल्या गावाचेही नाव टाकतात: ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, रायबंदर. ही सगळी नावे मथळ्यात कोंबायची नाहीत. मथळ्यात 'पणजी, तिसवाडी' पुरे. बाधित भागांची यादी खात्याने दिली असेल तर ती पहिल्या दोन परिच्छेदांत किंवा उपशीर्षकाखाली द्या. यादी दिली नसेल तर आपण नकाशावरून बनवू नका.

## 3. सर्चचे शीर्षक: आधी उत्तर, शेवटी कारण

सर्चमधून येणारा वाचक प्रश्न घेऊन येतो. 'उद्या माझ्याकडे पाणी आहे का?' म्हणून `title` मध्ये आधी ठिकाण, मग वार, मग परिणाम आणि सगळ्यात शेवटी कारण:

पणजी, तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणीपुरवठा. खांडेपारला जलवाहिनी फुटली

शीर्षक किती अक्षरांचे असावे याला गूगलने बंधन घातलेले नाही. दाखवताना मात्र ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापले जाते. मराठीत अक्षरे मोजून फारसा उपयोग नाही, कारण काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे संगणकाची मोजणी आणि डोळ्यांना दिसणारी रुंदी जुळत नाही. मी वेगळी चाचणी करतो: पहिले पाच-सहा शब्द ठेवायचे, बाकी हाताने झाकायचे आणि उरलेली ओळ खरी आहे का पाहायचे. वरच्या शीर्षकात 'पणजी, तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणीपुरवठा' एवढेच राहिले तरी बातमी पूर्ण आणि खरी राहते.

मराठीत ही चाचणी फार महत्त्वाची आहे, कारण आपले क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. समजा खात्याने अफवेचा खुलासा केला आणि कोणी मथळा दिला: 'पणजीसह तिसवाडी तालुक्यात संपूर्ण आठवडाभर पाणीपुरवठा बंद राहणार नाही'. मोबाइलवर शेवटचा 'नाही' कापला गेला की अफवाच आपल्या नावाने पसरते. असा मथळा उलटवून लिहा: 'आठवडाभर पाणी बंदची अफवा, तिसवाडीत पुरवठा सुरळीत, खात्याचा खुलासा'. पहिल्याच टप्प्यात 'अफवा' आला की कापाकापीची भीती नाही.

वक्त्याच्या नावाचेही तसेच. छापील पानावर 'कॅसिनोंना मांडवीतून हटवणार : मुख्यमंत्री' असे सर्रास चालते. वेबवर शेवटचा शब्द गेला की आश्वासनाची बातमी निर्णयाची होऊन बसते. दावा किंवा आरोप असेल तर बोलणाऱ्याला पुढे आणा: 'मुख्यमंत्री म्हणाले, …' किंवा 'विरोधकांचा आरोप: …'.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. पुष्कळ सीएमएस प्रत्येक शीर्षकामागे वेबसाइटचे नाव, 'मराठी बातम्या', 'गोवा न्यूज', 'ताज्या बातम्या' असे शेपूट आपोआप जोडतात. त्याने जागा जाते, आणि सगळ्या पानांवर तोच मजकूर दिसला की गूगल शीर्षक बदलण्याची शक्यता वाढते. वेबसाइटचे नाव एकदाच, शेवटी असावे. बाकीचे काढायला सांगा.

## 4. फीडचे शीर्षक: वाचकाने काही विचारलेले नाही

डिस्कव्हर, फेसबुक, व्हॉट्सॲप इथे वाचक प्रश्न घेऊन आलेला नसतो. बातमी त्याच्यासमोर येऊन उभी राहते. तिच्याबरोबर फोटो असतो, वेबसाइटचे नाव असते, आणि आजूबाजूला क्रिकेट, सिनेमा, सोन्याचा भाव असतो. म्हणून इथे आधी काय घडले, मग कोणाला त्याची झळ:

खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली; पणजीसह तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणी, दुरुस्ती सुरू

ही ओळ `og:title` मध्ये जाते. व्हॉट्सॲप आणि फेसबुक ती प्रीव्ह्यूसाठी उचलतात. गूगलही शीर्षक ठरवताना जे वेगवेगळे घटक पाहते त्यांत ती असते. म्हणून ती 'फक्त सोशलसाठी' आहे असे समजून सैल लिहू नका.

मराठी फीडमधला सगळ्यात जुना सापळा म्हणजे अवतरणातला 'या'. "'या' तालुक्यात उद्या पाणी नाही", "'या' कारणामुळे पणजीकरांचे हाल". वाचकाला हवी असलेली एकच माहिती काढून तिथे सर्वनाम बसवले जाते. डिस्कव्हरबद्दलच्या गूगलच्या सूचना यावर थेट बोट ठेवतात: बातमी कशाबद्दल आहे हे समजायला लागणारी महत्त्वाची माहिती शीर्षकातून लपवू नका आणि अतिशयोक्तीने क्लिक ओढू नका. पण सूचना नसत्या तरी मी हेच सांगितले असते. सासष्टीतल्या वाचकाने 'या तालुक्यात' वाचून घाबरून क्लिक करावे आणि आत तिसवाडी निघावी, हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. उपाय सोपा आहे. 'या', 'ही', 'असे काही', 'मोठा निर्णय' हे शब्द दिसले की त्यांच्या जागी नाव घाला. 'या तालुक्यात'च्या जागी 'तिसवाडीत' आल्यावरही मथळा ओढून घेत असेल तर तो चांगला. नाव घातल्यावर बातमीच उरत नसेल तर ती फीडमध्ये पुढे रेटण्यासारखी नव्हती.

दुसरा सापळा वेळेचा. 'आज', 'उद्या', 'काल' हे शब्द छापील पेपरात चालतात, कारण पेपरावर त्या दिवसाची तारीख असते. फीडमध्ये बुधवारची बातमी शुक्रवारी सकाळीही समोर येऊ शकते. 'पणजीत उद्या मर्यादित पाणी' हा मथळा शुक्रवारी वाचणाऱ्यासाठी शनिवारची बातमी होतो, आणि त्यात एकही अक्षर आपण चुकीचे लिहिलेले नसते. म्हणून वार लिहा. बातमी आठवड्यापेक्षा लांबची असेल, म्हणजे वीजबंदचे वेळापत्रक, परीक्षा किंवा अर्जाची मुदत, तर तारीख लिहा.

फोटोकडेही बघा, कारण फीडमध्ये फोटो हा मथळ्याचाच भाग म्हणून वाचला जातो. जुन्या पुराच्या वेळचा फोटो जलवाहिनीच्या मथळ्यावर लावला की मथळा खरा असूनही कार्ड खोटे बोलते. संग्रहित फोटो असेल तर कॅप्शनमध्ये तसे लिहाच, पण कॅप्शन कार्डावर दिसत नाही हे लक्षात ठेवून शक्यतो शांत, ओळखीचा फोटो घ्या: नळ, टँकर, प्रकल्पाची इमारत. डिस्कव्हरमध्ये मोठा फोटो दिसायचा असेल तर तो किमान 1200 पिक्सेल रुंद हवा आणि पानावर `max-image-preview:large` ही सूचना हवी. हे एकदा तांत्रिक टीमकडून करून घेतले की रोज पाहावे लागत नाही.

## 5. पानावरचे शीर्षक आणि पत्ता

पानावरचे शीर्षक, म्हणजे `h1`, आत आलेल्या माणसासाठी असते. इथे थोडी छापील सवय चालते, कारण खाली उपमथळा देता येतो. मात्र ते सर्चच्या शीर्षकापासून फार दूर नेऊ नका. 'तिसवाडीच्या घशाला कोरड' असा लालित्यपूर्ण मथळा वर आणि 'मर्यादित पाणीपुरवठा' सर्चमध्ये असे केले तर सर्चमधून आलेल्या वाचकाला आपण भलत्याच पानावर आलो असे वाटते, आणि गूगलही दोन्हींतले आपल्याला पटेल ते दाखवते. तिन्ही जागा मिळून असे दिसेल:

```html
<title>पणजी, तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणीपुरवठा; खांडेपारला जलवाहिनी फुटली</title>
<meta property="og:title" content="खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली; पणजीसह तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणी, दुरुस्ती सुरू">
<h1>ओपाची मुख्य जलवाहिनी फुटली; तिसवाडीत गुरुवारी मर्यादित पाणीपुरवठा</h1>
```

तिन्ही ओळींत शब्दांचा क्रम वेगळा आहे, पण 'मर्यादित', 'तिसवाडी' आणि 'गुरुवारी' हे तीन शब्द प्रत्येकीत आहेत. ताडून पाहायचे ते हेच.

पत्ता रोमन लिपीत, लहान अक्षरांत ठेवा: `panaji-tiswadi-water-supply-khandepar-pipeline`. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून पाठवला की त्यातले प्रत्येक चिन्ह `%E0%A4%AA` अशा नऊ खुणांचे होते आणि व्हॉट्सॲपवर चार-पाच ओळींची जाळी पसरते. पत्त्यात आकडे, मृतांची संख्या, 'live', 'today' किंवा संशयिताचे नाव घालू नका. मथळा दहा वेळा बदलता येतो, पत्ता मात्र एकदा बाहेर गेला की तसाच राहिलेला बरा. बदलायचाच झाला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे 301 रीडायरेक्ट, लावावे लागते.

## 6. पोलीस आणि कोर्टाच्या बातम्यांत अधिक काळजी

पाण्याच्या बातमीत चूक झाली तर वाचकाची गैरसोय होते. इथे एखाद्या माणसाचे आयुष्य अडकते, आणि सर्चमध्ये ते नावाला चिकटून राहते. 'ताब्यात घेतले', 'अटक', 'गुन्हा नोंद' या तीन वेगळ्या अवस्था आहेत. पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतले असताना मथळ्यात 'अटक' लिहिले तर तो माणूस संध्याकाळी सुटला तरी सर्चमध्ये अटकेतच राहतो. गोव्यातल्या मराठी पत्रकारितेत 'संशयित' हा शब्द रूढ आहे. तो मथळा लांबतो म्हणून गाळू नका.

कोर्टात न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलेला प्रश्न, तोंडी नोंदवलेले मत, बजावलेली नोटीस आणि दिलेला आदेश यांची सरमिसळ होते. 'खंडपीठाचा दणका' या दोन शब्दांत चारही गोष्टी झाकल्या जातात. त्याऐवजी क्रियापद नेमके घ्या: 'नोटीस बजावली', 'स्थगिती दिली', 'उत्तर मागितले'. ते लहानही असते.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 72 मनाई करते, आणि पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम 23. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. लहान वाड्याचे नाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय एकत्र आले की गोव्यासारख्या छोट्या राज्यात माणूस ओळखता येतो. मथळ्यात काळजी घेऊन पत्त्यात किंवा फोटोच्या फाइलच्या नावात तोच तपशील राहून जाणे, हे घाईत फार घडते. तिथेही तपासा.

## 7. प्रसिद्ध करण्याआधी आणि लगेच नंतर

प्रसिद्ध करण्याआधी बातमी ज्याने लिहिली आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला फक्त तीन शीर्षके वाचून दाखवा, कॉपी नाही. त्याला विचारा, 'काय झालंय?' त्याने सांगितलेले आणि पहिल्या पायरीतले तुमचे वाक्य जुळले पाहिजे. 'पाणी बंद आहे' असे तो म्हणाला तर 'मर्यादित' त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. शब्द पुढे आणा.

प्रसिद्ध केल्यावर लगेच दुवा स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि प्रीव्ह्यू पाहा. मग ब्राउझरमध्ये पत्त्याआधी `view-source:` लावून पानाचा कोड उघडा आणि `og:title` शोधा. सोशलचे शीर्षक रिकामे ठेवले असेल तर एखाद्या सीएमएसमध्ये पहिल्यांदा जतन केलेला कच्चा मथळाच तिथे राहू शकतो. 'पाणी बातमी टाकायची' असला कामचलाऊ मथळा फोनोफोनी फिरू लागण्याआधी दिसलेला बरा.

## 8. बातमी पुढे सरकली की

गुरुवारी संध्याकाळी दुरुस्ती झाली, पुरवठा सुरू होऊ लागला. आता नवी बातमी करायची की जुनीच सुधारायची? मी असे ठरवतो: वाचकाचा प्रश्न तोच असेल तर पान तेच. 'पाणी आहे का?' हा प्रश्न गुरुवारी संध्याकाळीही तोच आहे, म्हणून त्याच पत्त्यावर शीर्षक बदलायचे:

पणजी, तिसवाडीत पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने सुरू. खांडेपारची जलवाहिनी दुरुस्त

जलवाहिनी का फुटली, जबाबदार कोण, भरपाई मिळणार का, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांना वेगळे पान द्या आणि दोन्ही एकमेकांना जोडा.

शीर्षक बदलताना सगळ्या जागा बदला. `h1` बदलला आणि `og:title` तसाच राहिला, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. पानाच्या संरचित माहितीतले `headline` आणि न्यूज साइटमॅपमधले `news:title` सीएमएस आपोआप बदलतो का, हे एकदा विचारून ठेवा. प्रसिद्धीची मूळ वेळ, म्हणजे `datePublished`, बदलू नका. बदलाची वेळ `dateModified` मध्ये जाते. काहीही नवे नसताना फक्त वेळ पुढे ढकलून बातमी ताजी दाखवणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि वाचकाला तर ते चटकन कळते.

शीर्षकातच तथ्याची चूक झाली असेल, समजा 'फोंडा' चुकून गेले, तर गुपचूप बदलून भागत नाही. कॉपीत दुरुस्तीची ओळ द्या: आधीच्या शीर्षकात फोंड्याचा उल्लेख होता, तो चुकीचा होता. फेसबुकसाठी शेअरिंग डीबगरमध्ये दुवा टाकून पान पुन्हा वाचायला लावा. गूगलसाठी सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती करा. व्हॉट्सॲपवर मात्र इलाज नाही. आधी पाठवलेल्या संदेशांत जुना मथळा तसाच राहतो आणि पुढे पाठवला जातो. म्हणून चूक गंभीर असेल तर दुरुस्तीचीच स्वतंत्र ओळ लिहून तुमच्या चॅनेलवर टाका: 'फोंडा तालुक्यातील पुरवठ्याबाबत खात्याची सूचना नाही, आधीच्या शीर्षकातील उल्लेख चुकीचा'.

## 9. दुसऱ्या दिवशी आकडे कसे वाचायचे

सर्च कन्सोलमध्ये सर्च आणि डिस्कव्हर यांचे अहवाल वेगळे असतात. ते वेगळेच वाचा. सर्चच्या अहवालात त्या पानासाठी कोणते शोध आले ते दिसते. त्यात `taleigao water` सारखे शोध दिसले, खात्याच्या यादीत ताळगाव आहे आणि आपल्या कॉपीत ते नाव नाही, तर पुढच्या वेळी काय घालायचे ते कळले. डिस्कव्हरच्या अहवालात शोध नसतातच, कारण तिथे कोणी शोधलेले नसते. आणि पुरेशी दर्शने मिळाली नाहीत तर तो अहवाल दिसतही नाही.

क्लिकचे प्रमाण कमी दिसले की मथळा भडक करण्याचा मोह होतो. आधी कारण वेगळे करा. सर्चमध्ये आपण सातव्या-आठव्या क्रमांकावर असू तर क्लिक कमी असणारच, त्यात मथळ्याचा दोष नाही. वरच्या दोन-तीन क्रमांकांत असूनही क्लिक कमी असतील तर शीर्षकात उत्तर दिसत नाही किंवा गूगल दुसरेच शीर्षक दाखवत आहे. आपल्या बातमीचा शोध स्वतः करून कोणती ओळ दिसते ते पाहा. डिस्कव्हरमध्ये फोटो आणि मथळा एकदम बदलू नका, एक बदलून मग पाहा. तरीही एका बातमीवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्या दिवशी फीडमध्ये दुसरे काय होते ते आपल्याला दिसत नाही. पाणी, वीज, रस्ते अशा एकाच प्रकारच्या वीस-पंचवीस बातम्या शेजारी ठेवल्या तर काहीतरी आकार दिसू लागतो.

उलटी खूणही ओळखायला शिका. डिस्कव्हरमधून भरपूर क्लिक आले, पण ॲनालिटिक्समध्ये वाचक काही सेकंदांत परत गेलेले दिसतात आणि प्रतिक्रियांत 'नक्की कुठे?', 'कधी?' असे प्रश्न आहेत. तेव्हा मथळ्याने दिलेला शब्द बातमीने पाळलेला नाही. अशा बातमीचे शीर्षक आकडे चांगले असतानाही बदला. आमच्या डेस्कवर यासाठी एक साधी शीट आहे: बातमीचे एक वाक्य, तिन्ही शीर्षके, बदलाची वेळ, बदलाचे कारण, आणि बदलानंतर आलेले शोध. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात आम्ही हीच शीट वाचायला देतो.